टेकूधऱ्यांची वेम्रिक

३ मार्च, रविवार

नाव सुचत नाही! पोराचं नाव ठेवायला एवढा वेळ लागला नव्हता.

झालं असं. सून दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तो खेळ मांडते. फासे, कागद, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा आणि पडद्यामागे ती. गोष्ट ती सांगते, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात. आमचे चिरंजीव तलवारबाज. खालच्या मजल्यावरची नर्स चोर आहे - खेळात. शाळेतले मास्तर जादूगार. पाचवा भिडू बदली होऊन गेला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, तुम्ही बसा ना. जखमा बऱ्या करणारं कुणी नाहीये."

बसले! घरात बसून दाताच्या कवळ्यांना रंग द्यायचा त्यापेक्षा हे बरं. (रविवारी दातांच्या लॅबचं काम घरी आणायचं नाही असं कितीदा ठरवलंय.)

माझं पात्र ड्वार्फ आहे. म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारे बुटके, दणकट, हट्टी लोक. आणि त्यातली क्लेरिक - देवाचं नाव घेऊन लोकांना बरं करणारी. वेळ आलीच तर गदा घेऊन टाळकंही फोडणारी. मला आवडलं हे. पात्राचे गुण ठरवायला फासे टाकले, शहाणपणाला सतरा आले. "बघा," मी ह्यांना म्हटलं. "फाशांनाच कळतंय," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

दुसरं म्हणजे ते पत्र. सुनेला लांबच्या शहरात नोकरीची मोठी जागा देऊ केलीय. दोन आठवडे झाले. विचारलं की दोघंही "बघू" म्हणतात. मीही परत विचारत नाही. गेली तर घर खायला उठेल, आणि जाऊ नको म्हणायचा मला काय अधिकार? म्हणून गप्प.

४ मार्च, सोमवार

इंटरनेटवर नावं बनवून देणारं यंत्र असतं. बटण दाबलं, नाव आलं - थ्राग्नाडुर्हिल्डा. काय भारदस्त! कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

हे म्हणाले, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

७ मार्च, गुरुवार

सुनेने थ्राग्ना वगैरे बाईंना घरचा रस्ता दाखवला. पण हसली नाही. भाजी निवडता निवडता नीट समजावलं. क्लेरिकचं नाव टेबलावर सगळ्यात जास्त घेतलं जातं. जो पडतो तो तिलाच हाक मारतो! म्हणून दोन अक्षरी, फार तर तीन. एका श्वासात ओरडता आलं पाहिजे. आणि पहिलं अक्षर दुसऱ्या कुणाचं नको, कारण लढाईत कुणाची पाळी कधी हे ती नुसत्या आद्याक्षरांनी लिहिते. बाकीच्या तिघांची पात्रं काराव, निश, अझुरेल - म्हणजे क, न, अ गेले.

मग म्हणाली, "आणि आई, आधी ती कुठली ते ठरवा. नाव गावावरून येतं."

तिच्या जगात ड्वार्फ दोन ठिकाणचे. उत्तरेचे खाणवाले - लोखंड, धूर, घण. त्यांची नावं तोडल्यासारखी : ग्रोड, ब्राग, डुरिक. शेवटी दगड आपटला पाहिजे. आणि दक्षिणेला ऊनपाण्याची दरी. तिथे गरम झरे, वाफ, तिथली माणसं हळू बोलतात. त्यांच्या नावांत म, ल, व फार : लोवेम, मालू, ओल्वेन.

मला एकदम आमच्या कवळ्या आठवल्या. दात कितीही देखणे बनवा, त्या चेहऱ्याला साजले नाहीत तर माणूस हसायचंच बंद करतो.

मी दरीच घेतली. माझी बाई झऱ्यावर अंग ठेचलेल्या कामगारांना शेक देते. देव ओरुम, चुलीचा आणि भट्टीचा. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. (हे म्हणाले, "हे कुठे तरी पाहिलंय." दुर्लक्ष केलं.)

९ मार्च, शनिवार

दिवसभर नावं. प्लास्टर ओततानासुद्धा तोंडात नावं. लॅबमधली मुलगी म्हणाली, "मावशी, देवाचं करताय का?"

लोमी - फारच लाडिक. गदा कशी उचलेल? ग्रोडका - जोर आहे, पण दरीतली बाई अशी कशी? मेल्का - हे जमलं! मऊ सुरुवात, शेवटी कडक. आई खाणवाली, बाप दरीतला, म्हणून दोन्हीकडचे आवाज. स्वतःवर बेहद्द खूश.

१० मार्च, रविवार

मेल्का गेली.

नर्स म्हणाली, "मावशी, मी रक्तात पडलेय आणि ओरडतेय - मेल्का! तर बाकीचे म्हणणार, हो, मेली." मास्तर हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. बरं करणारी बाई आणि असं अभद्र नाव! आपल्या भाषेत मोठ्यांदा ओरडून बघायचं हे कसं सुचलं नाही मला?

पण आईबापांची दोन गावं सुनेला आवडली. म्हणाली, नाव गावाशी जुळत नसेल तर त्यामागे गोष्ट लागते, ही गोष्ट चांगली आहे. मग तिथेच टेबलावर सगळ्यांनी मिळून - व दरीचा, शेवटी क खाणीचा - वेम्रिक! मास्तर जमिनीवर आडवे झाले आणि ओरडून बघितलं. दोनदा. हे आतून धावत आले.

वेम्रिक. रागावून म्हणता येतं, लाडाने म्हणता येतं. चढवलं कागदावर.

घराण्याचं नाव कामावरून पडतं. वेम्रिकच्या आईकडचे लोक बोगद्यात लाकडी टेकू लावायचे, बाकीचे बाहेर पडेपर्यंत छत धरून ठेवायचे. म्हणून टेकूधरे. मला फार आवडलं. पण ते सुनेने लगेच लिहू दिलं नाही. दरीत रीत आहे म्हणे : कुणी गाव सोडून निघालं की घराण्यातलं थोरलं माणूस वेशीवर उभं राहून त्याचं नाव घराण्यासकट मोठ्यांदा घेतं. घेतलं तरच घराणं सोबत जातं. नाही घेतलं तर पुढे आयुष्यभर नुसतं एकटं नाव.

"तर आई, वेम्रिक गाव सोडून का निघाली? आणि नाव कुणी घेतलं?"

मी पटकन म्हणाले, "निघेल कशाला? सगळं आहे की तिला तिथे! झरा आहे, माणसं आहेत. भरलं घर टाकून जायचं म्हणजे काय!"

सुनेने पडद्यामागचे कागद सारखे केले. चिरंजीव पाणी प्यायला उठले.

जीभ झडो माझी.

११ मार्च, सोमवार

सून नेहमीसारखी बोलते. चहा विचारते, डबा भरते. मीही बोलते. पण मध्ये काहीतरी अडकलंय.

१४ मार्च, गुरुवार

वेम्रिकचा कागद पूर्ण केला. लिहिलं : पहाटे कुणाला न सांगता निघाली. घराण्याची जागा कोरी ठेवली.

विचार केला, कुणाला सांगितलं असतं तर निघूच दिलं नसतं. तिच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असणारच.

खेळात मांडायची वेम्रिकची लहान शिशाची बाहुली रंगवायला घेतली. डोळ्यांत ठिपका द्यायला दातांवर पिवळट छटा द्यायचा तोच ब्रश. नाक जरा माझ्यासारखं झालंय!

१७ मार्च, रविवार

आज पहिला खरा खेळ.

पुलावर लांडग्यांनी गाठलं. नर्सची चोर पडली. पडलेल्याने आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहाच्या खाली आला की एक पाऊल मरणाकडे, तीन झाली की संपलं. तिची दोन झाली होती! "वेम्रिक!" अशी ओरडली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मला लांबून शब्दाने बरं करता येतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ऊठ गं निश, ओरुमची चूल अजून गरम आहे!" फासा टाकला, बऱ्यापैकी आला, निश उठली. टाळ्या! मला तर खरंच कुणाला वाचवल्यासारखं वाटलं. केवढी मजा.

मग शेकोटीशी मुक्काम. सून म्हणाली, "वेम्रिकला झोपेत ती पहाट दिसते. फक्त आज वेशीवर तिची आई उभी आहे." आणि स्वतःच आवाज बदलला. म्हातारी, खरखरीत. "कुठे चाललीस गं? न सांगता?"

मी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"रडले असते. मग?"

"मग मी गेले नसते."

"आणि झऱ्यावर बसून वेशीकडे बघत राहिली असतीस." सुनेचा स्वतःचा आवाज मध्येच डोकावला. "मला असं बघणारी पोर नको घरात. वेम्रिक टेकूधरे! जा आता."

मी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या जागेत टेकूधरे लिहिलं. अक्षर वाकडं आलं. डोळ्यांत पाणी आलं तर काय करणार.

सगळे गेल्यावर फासे डब्यात भरता भरता मी तिला सरळ सांगितलं. "अगं, ते पत्र. जायचं असेल तर जा. माझं मी बघते. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण त्याने तुझं जाणं चुकीचं ठरत नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

रात्री झोप छान लागेल असं वाटतंय. किती दिवसांनी.

१८ मार्च, सोमवार

लॅबमध्ये वरची कवळी उलट्या साच्यात ओतली. पहिल्यांदाच! मुलगी म्हणाली, "मावशी, लक्ष कुठंय?" ड्वार्फांच्या डोंगरात, म्हटलं.

२० मार्च, बुधवार

सून स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवून टाकलं होतं. त्याच आठवड्यात, पत्र आलं तेव्हाच. तुमच्याकडे बघून वाटलं, नको." मी हातातला चमचा खाली ठेवला. "काल परत फोन केला. जागा अजून रिकामी आहे. हो म्हटलं."

मी तिला जवळ घेतलं. तीही रडली, मीही रडले, हे दारात येऊन परत गेले. मग डोळे पुसत तिने तो पुठ्ठ्याचा पडदा माझ्या हातात दिला. "रविवार बंद पडायचा नाही. गोष्ट आता तुम्ही सांगा, मी फोनवरून खेळेन. नवीन ड्वार्फ आहे माझी - नाव तुम्ही ठेवायचं."