उत्तरार्ध

बाई, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेत शाळेच्या हॉलमध्ये मी चार वाक्यं बोलले होते. बाईंनी मला शेवट न सांगता सिनेमा सांगायला शिकवलं, असं म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या, मागून कोणीतरी टाळीही वाजवली. मी खाली येऊन बसले आणि घरी जाईपर्यंत मान वर केली नाही. त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आज लिहिते आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुम्ही शाळेत मराठी शिकवत होतात आणि वर्ध्याच्या दैनिकाचं रविवारचं पान बघत होतात. मी तुमची जुनी विद्यार्थिनी, देवळीहून एसटीनं येणारी, बी.ए. झालेली आणि घरी बसलेली. पहिलं परीक्षण घेऊन वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेला तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही ओट्याशी उभ्या राहूनच ते वाचलंत आणि लाल पेन्सिलीनं तीन परिच्छेदांवर एकच तिरपी रेघ ओढलीत. ही गोष्ट झाली, म्हणालात, परीक्षण कुठे आहे? वडनेरचा माणूस बाजाराला वर्ध्यात येतो आणि महिन्यातून एखादा सिनेमा बघतो, त्याचा सिनेमा तू घरबसल्या संपवून टाकलास. मग मला समोर बसवून समजावलंत. कथा सांगायची ती पहिला प्रश्न उभा राहीपर्यंतच; त्या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकाचं, आपलं नव्हे. पुढे लिहायचं ते काय घडलं हे नाही, कसं घडवलं हे. दिग्दर्शन बघायचं तर कॅमेरा कोणाजवळ थांबतो आणि कोणाला सोडून जातो ते बघ. अभिनय बघायचा तर समोरचा बोलत असताना नटाचं काय चाललंय ते बघ, कारण स्वतःचं वाक्य तर कोणीही म्हणतं. गती मोजायची असेल तर अधूनमधून मागे वळून लोकांकडे बघ. खोकले कधी सुरू होतात, माणसं बाहेर कधी जातात, लेकरं कधी कंटाळतात. आणि ‘धक्कादायक शेवट’ असं लिहिलेलं तुम्हाला मुळीच चालायचं नाही. धक्का आहे असं सांगितलं की माणूस पहिल्या रिळापासून त्याचीच वाट पाहत बसतो, म्हणजे अर्धा शेवट तू सांगितलाच, असं तुमचं म्हणणं. पाहुण्या कलाकाराचं नावसुद्धा तुम्ही एकदा खोडलं होतंत. तो पडद्यावर दिसायच्या आधीच लोक त्याला शोधू लागतील म्हणून.

मी हे सगळं शिकले. दोन वर्षांत लोक मला बसस्टँडवर ओळखू लागले. सिनेमा बघायचा का, हे माझं वाचून ठरवणारी माणसं होती. आणि मला हळूहळू वाटायला लागलं, की आपल्याला पहिल्या अर्ध्या तासातच सगळं कळतं.

तो मराठी सिनेमा आठवतो ना तुम्हाला? मोठं नाव कोणाचंच नव्हतं. एक नर्स बदलीच्या गावी येते, आणि आधीची नर्स कुठे गेली हे तिला कोणी सांगत नाही, एवढाच त्यातला पहिला प्रश्न. नायिका सारखी बोलते. पेशंटशी, शेजारणीशी, स्वतःशी. शुक्रवारचा तीनचा शो. मी वही मांडीवर घेऊन बसलेली आहे, अंधारात अंदाजानं मोठ्या अक्षरात लिहिते आहे. मध्यंतर होतं. साडेचारची देवळीची गाडी समोर दिसते आहे, आणि देवळीला मैत्रिणीची हळद आहे. दिवे पुन्हा मालवायच्या आत मी बाहेर पडते.

त्या रात्री अंगाला हळद लागलेली असताना मला जराही खंत नव्हती. शनिवारी सकाळी मी परीक्षण लिहिलं. पूर्वार्ध पाहिलेला होता, तो खरा लिहिला. उत्तरार्ध रेंगाळतो, असं लिहिलं. नायिकेचा सूर उत्तरार्धात सुटतो आणि तिचे संवाद पाठ केल्यासारखे वाटतात, असंही लिहिलं. शेवट सांगायचा नसतो, हा तुमचाच नियम. मी उत्तरार्ध पाहिलेलाच नाही हे त्याच नियमाआड कोणाला दिसणार नव्हतं. तुम्ही वाचलंत, एक स्वल्पविराम हलवलात आणि रविवारी ते छापलंत. दहावीच्या मुलींना तो सिनेमा दाखवायला न्यायचं तुमच्या मनात होतं. माझं वाचून तुम्ही तो बेत सोडलात. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी तुम्ही शाळा सुटल्यावर बाजारात आला होतात. टॉकीजचे मॅनेजर वाटेत भेटले. त्यांनी तक्रार केली नाही. रविवारपासून लोकच नाहीत, उद्या सिनेमा उतरवतोय, तुम्ही तरी बघून जा, एवढंच म्हणाले. तुम्ही गेलात. हॉलमध्ये तुम्हाला धरून अकरा माणसं होती.

शुक्रवारी तुमचा निरोप आला आणि मी आले. तुम्ही सांबारवड्यांसाठी सांबार निवडत बसला होतात. मलाही कोथिंबिरीची एक जुडी दिलीत. आपण दोघी पानं खुडू लागलो. मग तुम्ही मान वर न करता विचारलंत, “उत्तरार्धातलं तिचं कोणतं वाक्य तुले पाठ केल्यासारखं वाटलं?”

तुम्ही घरातली बोली बोलायला लागलात की मला बरं वाटायचं. त्या दिवशी भीती वाटली. मी म्हणाले, “आता नेमकं आठवत नाई, बाई. पण सगळंच तसं होतं.”

“तिले उत्तरार्धात एकही वाक्य नाई,” तुम्ही म्हणालात. “ती बोलतच नाई. सारा सिनेमा तिथंच आहे.”

माझे हात थांबले. तुम्ही माझ्या पुढ्यातली जुडी ओढून घेतलीत आणि राहिलेली पानं स्वतः निवडलीत. काऊन केलं, कुठे गेलती, काहीच विचारलं नाही. मी हळदीचं सांगायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलंत.

“शेवट लोकायपासून लपवाचा असते,” एवढंच म्हणालात. “न पाहिलेलं नाई लपवाचं.”

पुढच्या रविवारी तुम्ही त्याच सिनेमावर स्वतः लिहिलंत. सिनेमा वर्ध्यातून गेलेला होता, तरी लिहिलंत. ती गप्प होते हे तुम्ही सांगितलं नाहीत. तिच्या हातांबद्दल लिहिलंत, आणि दिग्दर्शकानं घाई कुठे केली नाही त्याबद्दल. खाली दोन ओळी होत्या: गेल्या आठवड्याचं परीक्षण या पानावर आलं तो माझा दोष आहे, मी पुरेशी खात्री केली नव्हती. माझं नाव कुठेच नव्हतं. घरी सगळ्यांना वाटलं बाईंचं वय झालं, काहीतरी चुकलं असेल. आईनं तसं बोलूनही दाखवलं, आणि मी ऐकून घेतलं.

त्यानंतरही तुम्ही मला परीक्षणाला सिनेमे देत राहिलात. तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. मीही नाही. मला वाटायचं एखाद्या दिवशी तुमचे पाय धरून सांगावं, पण तुमच्याकडे नेहमी कोणीतरी बसलेलं असायचं, किंवा मला तसं सोयीचं वाटायचं. मग तुम्ही आजारी पडलात, आणि मग तर आजारी माणसाला त्रास कशाला, हे कारण मिळालं.

आता मी नागपूरच्या पेपरात लिहिते. पडद्यावरच्या शेवटच्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत उठत नाही. सफाईवाले झाडू घेऊन उभे राहतात. तुमचे नियम नव्या मुलांना सांगते, लाल पेन्सिलीसकट. मुलं विचारतात, मॅडम, तुमच्याकडून कधी चूक झाली? मी एक किरकोळ किस्सा सांगते, चुकीच्या संगीतकाराचं नाव छापल्याचा. सगळे हसतात.

तो सिनेमा पुढे टीव्हीवर दोनदा लागला. एकदा सीडीही कोणीतरी आणून दिली होती. नर्स एसटीतून उतरते तिथवर मी पाहते आणि बंद करते. तुम्ही त्या दिवशी ती बोलत नाही एवढं सांगितलंत, पण शेवट मात्र सांगितला नाहीत. तो काय आहे ते मला अजून माहीत नाही, बाई.