बाबांशी बोलण्याआधी वाच

दादा,

मी कामावर निघालेय. आज बाबांशी तूच बोल. काल मी आवाज चढवला, तेव्हापासून ते माझ्याकडे बघतही नाहीत.

चहा झाला की टीव्ही बंद करून शेजारी बस. "तुम्हाला कशाची धास्ती वाटते?" एवढंच विचार आणि गप्प राहा. मध्येच तोडू नकोस. डॉक्टरकडे चला म्हणू नकोस. लघवी तपासायला बाटलीत द्याल का, एवढंच विचार. नाही म्हणाले तर ताणू नकोस, उद्या पुन्हा विचारू.

ते हो म्हणतील अशी मला आशा नाही. लघवीतून रक्त तीन महिने जातंय. का लपवलंत विचारलं, तर म्हणाले, "काय झालंय ते मला ठाऊक आहे. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."