आत्यानं घेतलेला मुका आणि माझा पांढरा झगा

तीर्थरूप हर्सेंद आत्यास, जेरुसलेमहून तुझा भाचा, टेंपल संघाचा बंधू ऑब्री, याचा गुडघे टेकून नमस्कार. तू बर्गंडीला सुखरूप पोचलीस ना? गुडघा काय म्हणतो? मी बरा आहे. (पत्र पाद्रीबाबा लिहितायत. मला तलवार धरता येते, लेखणी नाही.)

आत्या, तू इथे येऊन माझी जी वाट लावून गेलीस, ती आता सविस्तर ऐक. तुझ्या मनात अजून असंच आहे की आपला भाचा सरदार झाला. अगं, कसला सरदार! आम्ही साधू आहोत, फक्त चिलखत घातलेले. लग्न नाही, स्वतःचं काही नाही, आणि शब्दाबाहेर पाऊल नाही. घोडे तीन दिलेत, पण एकही माझा नाही, आणि विचारल्याशिवाय दौडवायचा नाही. आंघोळ विचारून. उपाससुद्धा विचारून, कारण उपाशी साधू लढणार कसा? म्हणून दोघांत एक वाडगा असतो, जोडीदार पोटभर जेवतोय की नाही यावर नजर ठेवायला. (माझा जोडीदार बंधू थिएरी. माझ्या पोटाची काळजी तो माझ्या वाटणीचं मटण खाऊन घेतो.) पहाटेच्या प्रार्थनेला तेरा वेळा 'हे आमच्या पित्या' म्हणायचं आणि मग घोड्यांकडे बघून यायचं. शिकारीला बंदी, सिंह तेवढा मारलेला चालतो. आणि मुका कुणाचाच घ्यायचा नाही: विधवेचा नाही, कुमारीचा नाही, आईचा नाही, बहिणीचा नाही, आत्याचा नाही. होय, नियमात 'आत्या' असं स्पष्ट लिहिलंय! ज्यानं लिहिलं त्यालाही तुझ्यासारखीच एखादी असणार.

आता त्या दिवसाचं. यात्रेकरूंना जॉर्डन नदीवर नेऊन आणणं हे आम्हा दहा जणांचं काम. तुम्ही सगळ्यांनी स्नान केलं, आम्ही रांग लावली, निघालो. बंधू रांगेतून परवानगीशिवाय बाहेर पडला तर त्याचा पांढरा झगा, म्हणजे बंधूचा मान, जातो. एक वर्ष आणि एक दिवस जमिनीवर बसून जेवायचं, गड्यांबरोबर राबायचं, गाढव हाकायचं. आणि तू काय केलंस? ओला अंगरखा काठावर राहिला म्हणून खेचर वळवलंस! मी ओरडलो, "आत्या, मागे फीर!" तू म्हणालीस, "नवा कोरा आहे रे, माझ्या तिरडीवर घालायचाय!" तेवढ्यात झाडीतून दोन तुर्क स्वार निघाले. नियमात एक फट आहे: कुणी ख्रिस्ती माणूस वेड्यासारखा रांग सोडून गेला, शत्रू त्याच्यावर आला आणि आपलं मन सांगत असेल, तर न विचारता धावावं, वाचवावं आणि निमूट परत यावं. नंतर बंधूंच्या सभेत 'वेड्यासारखा' हा शब्द वाचताना आमच्या कमांडरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. माफ कर.

मी भाला रोखून पोचलो, तर तू ओला अंगरखा गरागरा फिरवून एकाच्या तोंडावर फाडकन हाणलेला. दोघे पळाले. (कुणी कुणाला वाचवलं हा प्रश्न सभेत निघाला होता.) आणि मग, थिएरीच्या डोळ्यांदेखत, "माझं सोनं गं ते!" म्हणून तू माझा मुका घेतलास. दोन्ही गालांचा!

रविवारी सभेत मी झगा उतरवून गुडघ्यांवर बसलो, दोष सांगितला, बाहेर गेलो. आत बंधूंनी एकेक करून मत दिलं. रांग सोडणं माफ. पण मुक्यावर गाडं अडलं. एक म्हणाला, त्यानं घेतला नाही, त्याचा घेतला गेला. थिएरी म्हणाला, "त्यानं मान वळवायला हवी होती." शेवटी निकाल आमच्या महागुरूंकडे गेला आणि तोवर माझा झगा टांगणीला.

तुझा,
ऑब्री

ता.क. खरं काम असं की, तुझ्या गावच्या पाद्र्यापुढे साक्ष दे आणि मोहोर लावून पाठव: एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल, भाचा हलूही शकत नव्हता. तेवढ्यानं मी सुटेन.

दुसरा ता.क. सोबत चीज पाठवू नकोस. आलेली भेट कमांडरांकडे जाते आणि ते ती थिएरीला देतात.

तिसरा ता.क. पाद्रीबाबांनी लेखणी खाली ठेवलीय. म्हणतात, "अरे गाढवा, हे पत्र जाण्याआधी कमांडरांपुढे वाचलं जाईल!" मी म्हटलं, ठाऊक आहे, लिहा. आत्या, ढाल मी पाठीवर टाकली होती. शिरस्त्राण काढलं तेही मीच, आणि दुसरा गालही मीच पुढे केला. बारा वर्षांत मला कुणी 'सोनं' म्हटलं नव्हतं गं. साक्ष पाठवू नकोस.