आत्यासाठी चार ओळी

३ मार्च, सकाळी

मागच्या वर्षीच्या कार्डाचा खरा खर्च: जाड कागद एक, सोनेरी शाई चिमूटभर, मजकूर घरचाच म्हणजे फुकट. शिवाय आत्याचा अबोला, अकरा महिने.

अबोल्याचं कारण आज बायकोकडून कळलं. आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींना त्यांच्या जावयानं हेच कार्ड दिलं होतं. मायेची सावली, वात्सल्याचा झरा, सगळं शब्दाला शब्द तेच. दोघी म्हाताऱ्यांनी चष्मे लावून कार्डं शेजारी शेजारी धरली म्हणे. जावयाला छापून कोणी दिलं? मीच. मजकूर क्रमांक चौदा. फार चालतो.

बारा तारखेला आत्याला पंच्याऐंशी पूर्ण. बायको म्हणाली, अहो, यंदा भपका नको, स्वतःच्या हातानं स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा, आत्यांनी दुसरं काहीही मागितलेलं नाही.

चार ओळी! तीस वर्षं छापखाना चालवतोय, तोही शून्यातून उभा केलेला. माझे मजकूर वाचून माणसं रडतात. आमच्या घरात एकाही माणसाचा वाढदिवस माझ्या कार्डाशिवाय गेलेला नाही. अर्ध्या तासाचं काम. उद्या उरकतो.

४ मार्च, दुपारी

अर्धा तास केव्हाच झाला. 'आदरणीय आत्या, आपण आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ आहात.' वाचून मलाच भरून आलं. मग आठवलं, हा आधारस्तंभ लाकूडवाल्याच्या वडिलांचा. ते वारले तेव्हा छापला होता. खोडला. 'आपले कष्ट शब्दांत मावणार नाहीत.' हे हेडमास्तरांचं. तेही गेले. 'आपला हसरा चेहरा' लिहिलं आणि हात थांबला. तो चेहरा मी स्वतः काळ्या चौकटीत बसवला होता, परिचारिकाबाईंचा.

एक वाक्य लिहावं, की त्याच्यामागे कुणीतरी गेलेलं माणूस येऊन उभं राहतं आणि माझ्याकडे बघतं. आमचं सामान कोणी उचललं, अशा नजरेनं.

तीनच्या सुमारास भिंतीवर टकटक. शेजारचा घड्याळवाला असणार. याला दुपारी झोप कशी येत नाही?

५ मार्च

छापखान्यातल्या डिझायनर मुलीला कच्चा मजकूर दाखवला, सहज, कौतुक करायची संधी म्हणून. ती म्हणाली, साहेब, तुम्ही आत्यांना आपण म्हणता? म्हटलं, छे, तूच म्हणतो, पण कार्डाला आपण शोभतं. ती म्हणाली, कार्डाला शोभेल, पण वाचणार आत्या आहेत ना.

मग तिनं मला शिकवलंच. एक प्रसंग घ्या, जो दुसऱ्या कुणाच्या आत्याला लागू पडणार नाही. त्यानं तुम्हाला काय वाटलं, ते साध्या वाक्यात सांगा. मग शुभेच्छा, एकच. 'शतायुषी व्हा' नको. पंच्याऐंशीच्या माणसाला ती मुदत दिल्यासारखी वाटते. अक्षर मोठं, ओळींमध्ये मोकळी जागा, निळी शाई नको, म्हाताऱ्या डोळ्यांना काळी बरी.

म्हटलं, मलाही अगदी हेच म्हणायचं होतं.

६ मार्च

माझी स्वतःची चाचणी शोधून काढली. वाक्यात आत्याच्या जागी सासूबाई घालायची. तरी वाक्य चाललं, तर ते बाद. एकोणीस वाक्यं घातली, एकोणीसही सासूबाईंना चपखल बसली. सासूबाईंशी माझं तीन वर्षं बोलणं नाही.

पुन्हा टकटक. तावातावानं शेजारी गेलो. घड्याळवाला म्हणाला, साहेब, माझ्याकडे टिकटिक मिळेल, टकटक नाही. आणि चार दिवस मी गावाला होतो, आत्ताच कुलूप उघडतोय.

मग भिंतीवर कोण? मशीन असेल. मशीन बंद होतं. गार होताना पत्रा वाजत असेल. सकाळपासून गारच होतं. संकल्प: याचा विचार करायचा नाही.

८ मार्च, दुपारी

सापडलं! टकटकीनंच दिलं.

आई गेल्यावर मी सहा वर्षांचा असताना दोन आत्यांकडे आलो. धाकटीला जाऊन अकरा वर्षं झाली. आता ही थोरलीच. त्या घरातल्या मोरीच्या भोकाची मला फार भीती. त्यातून काहीतरी वर येईल असं वाटायचं. तेव्हा आत्या...! लगेच लिहून काढलं:

'आत्या, लहानपणी मला मोरीच्या भोकाची भीती वाटायची. माझी अंघोळ होईपर्यंत तू बाहेर उभी राहून दारावर टकटक करायचीस. टकटक चालू आहे म्हणजे तू आहेस, हे मला कळायचं. अजून कधी घाबरलो की मी कान देतो. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. तुझा ढब्या.'

मोठ्यानं वाचलं. दम लागला तिथं वाक्य तोडलं. 'वात्सल्य' दोनदा आत घुसू पाहत होतं, दोनदा हाकललं. सासूबाई घालून पाहिल्या. बसल्या नाहीत! हातानं, काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात उतरवलं. तीन कागद गेले.

मजकूर क्रमांक एकवीस म्हणून फाइलला लावायचा मोह झाला. आवरला. बघू.

बाकी दुपारभर भिंत गप्प. इतकी गप्प, की दोनदा उठून कान लावला.

१२ मार्च, संध्याकाळी

आत्याकडे गेलो. कार्ड मीच वाचून दाखवलं. आवाज थोडा कापला, मुद्दाम नव्हे. आत्यानं कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, छान लिहिलंयस रे. पण ती मी नव्हे.

म्हणजे?

म्हणाली, मी सकाळी सातला टेलिफोन ऑफिसात कामावर. तुझी अंघोळ आठला. दाराशी उभी राहायची ती धाकटी. तिकडे दूध उतू जायचं, तरी जागची हलायची नाही.

म्हटलं, आत्या, तुझं वय झालं, तुला नीट आठवत नसेल. म्हणाली, वय माझं झालंय, आठवण तुझी गेलीय.

शेवटी विचारलं, मग तुझं काय लिहू, तूच सांग. ती हसली, अकरा महिन्यांनी. म्हणाली, मी कामावरून आले की तू आधी माझ्या पिशवीत बघायचास, मग माझ्या तोंडाकडे. लिही तेवढंच.

कार्ड उलटं केलं आणि तिच्यासमोर बसून, तिच्याच पेनानं लिहिलं: 'आत्या, तू आलीस की मी आधी पिशवी बघायचो. तू दमलेली आहेस, हे कधी बघितलं नाही. आज बघतोय. सुखात राहा.' तिनं दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

म्हणाली, ही बाजू माझी. पुढची धाकटीची आहे, तिला देऊन टाक.

म्हटलं, आता कशी देणार? म्हणाली, ते तुझं तू बघ, छापखानावाला तू.

निघताना पाहिलं, ती कार्ड फळीवर ठेवत होती. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. कुठली बाजू पुढे ठेवावी, हे तिचं ठरेना.

१३ मार्च, सकाळी

मशीन चालू करायच्या आधी नमुन्यांची फाइल काढली. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत मी ठेवतो. म्हटलं, धाकटीला वाढदिवसाला काय काय दिलं होतं ते पाहू, त्यातलं एखादं बरं असेल.

सगळी वर्षं चाळली. थोरलीची कार्डं दरसाल आहेत. बायकोची आहेत. सासूबाईंचीसुद्धा आहेत. धाकटी कधी काही मागायची नाही, त्यामुळे शोधायला वेळ लागला.

तिच्या नावाचं एकच निघालं. काळ्या चौकटीचं, मजकूर क्रमांक सहा.