कप्तानच्या कार्डावरचं टक्कल

ऐक, मी ड्यूटीवर जातेय. पाय आत्तापासूनच बोलतायत. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

तुझ्या जिगरी दोस्ताच्या, कप्तानच्या, वाढदिवसाच्या कार्डावर तू टकलाचा विनोद लिहिलायस. ते कार्ड देऊ नकोस, नवं टेबलावर आहे. तो हल्ली घरातही टोपी काढत नाही, तुझ्या लक्षात आलं नसेल. चिडवायचंच तर पार्किंगवरून चिडव. स्वतःची समजून दुसऱ्याचीच गाडी उघडत बसल्याचा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगतो. आणि शेवटी एक ओळ सरळ लिही, की त्याच्याशिवाय तुझं पान हलत नाही.

माझ्या कार्डावर तू ‘गोलमटोल’ लिहिलं होतंस, तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते. त्यानंतरचा माझा एक तरी फोटो शोधून दाखव.