विसाव्याची पाटी

ती. आत्यास,

इथूनच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. डोक्याला फिनेलचा वास येईल, तो मनावर घेऊ नकोस. गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम. (म्हणजे खोकला आहे, पण इस्पितळात खोकल्याला कोणी आजार धरत नाही.)

मला बोलणी का बसली विचारलंस, तर ऐक. आमच्याकडे टोकाला एक वॉर्ड आहे, तिथे नेलेला माणूस चालत घरी जात नाही. त्याचं नाव आधी 'असाध्य' होतं. मुकादम सांगतो, पाटी वाचूनच निम्मे खचायचे. मग 'दीर्घोपचार' केलं. लोकांना वाटलं, दीर्घ म्हणजे बरेच दिवस मिळतील. पण पाटी नवी असली तरी दार तेच, आणि दारातून बाहेर येणारी चादरही तीच, त्यामुळे थोड्या दिवसांत त्याही शब्दाला तो वास लागला. तेव्हा साहेबांनी 'विसावा' आणलं. स्क्रू मीच पिळले. एक बाई तर म्हणाली, आमच्या सासऱ्यांना तिकडेच ठेवा, किती गोड नाव आहे. वर्षही झालं नाही आणि स्वयंपाकी एकमेकांना "कांदा नीट चीर, नाहीतर विसाव्यात जाशील" म्हणू लागले. आता आम्हीसुद्धा दमलो तर 'टेकतो'. साधा विसावा घ्यायची सोय राहिली नाही.

नेमकं तेच मी विसरलो. पाय मोडलेल्या एका काकांना एक्स-रे काढून परत आणत होतो, लिफ्ट बंद, म्हणून म्हटलं, "काका, जरा विसावा घेऊ." काकांनी स्ट्रेचरची दांडी अशी धरली की सोडवेना. लेक रडायला लागली, "पायच मोडलाय ना हो? काय असेल ते खरं सांगा." (मी खरंच सांगत होतो, ऐकतं कोण.) साहेबांनी मला सोलून काढलं आणि लगेच सभा घेतली. आता पाटी आहे 'पहाट'. मी हात वर करून हो म्हटलं. नाव चांगलंय, पण मला आता पहाटेचंच वाईट वाटतं.

तुझा,
धाकटा भाचा

ता. क. – हा सगळा पसारा एका गोष्टीसाठी मांडला. तू तोंडाची फटकळ. बाबांबद्दल कायम लिहायचीस, "मेला दिवसभर खोकतो, वर बिडी मागतो." मग नुसतं "खोकतो" झालं, मग "अशक्तपणा आहे". गेल्या पत्रात तर "तुझे बाबा जरा थकलेत". पाठच्या भावाला तू कधी अहो-जाहो केलंस, आत्या? आणि 'मेला' एकदाही नाही. आमच्याकडे पाटी बदलते ती आतला माणूस बरा झाला म्हणून नाही. बाबांना काय झालंय ते उघड्या शब्दांत कळव.

आणखी ता. क. – लिहायला हात धजत नसेल तर राहू दे. नुसतं 'ये' लिही, मी निघतो. आणि बाबांनी विचारलं, पोरगा मध्येच कसा आला, तर सांग, सहज आलाय.