मालनचा साखरेचा रिपोर्ट

तामसी,
१८ जानेवारी १९९९

ती. कुसुमताईस मालनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी लोकर मिळाली, पण टोपी विणून काढायला तू स्वतः ये. मला दोन टाकेसुद्धा सरळ पडत नाहीत हे तुला ठाऊक आहे.

आज आदिलाबादेला दाखवून आले. सव्विसावा आठवडा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी साखरेची तपासणी सांगितली. उपाशी यायची गरज नव्हती. पन्नास ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं आणि पाच मिनिटांत संपवायला लावलं. इतकं गोड की तोंडाला मिठी बसली! मग तासभर बाकावर बसायचं. हिंडायचं नाही, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. तासानं दंडाच्या शिरेतून रक्त घेतलं. आकडा एकशेचाळीसच्या वर गेला तर दुसरी, तीन तासांची तपासणी. आधी साखर पाजायची आणि मग साखर किती निघाली ते मोजायचं, आहे की नाही गंमत!

आता खरं सांगते. बाकावर जैनथच्या भागाबाई सुनेला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या काढल्या आणि म्हणाल्या की पोटुशी बाईसमोर एकट्यानं खात नसतेत, नाही म्हणू नको, माय. मला नाही म्हणवेना. अर्धी पोळी खाल्ली. रक्त घेणाऱ्या पोराला मात्र सांगितलं नाही. बस चुकेल म्हणून घाई होती, आणि रागवेल असंही वाटलं. रिपोर्ट पुढच्या सोमवारी, डॉक्टरीणबाई येतील तेव्हा. आकडा जास्त आला तर पोळीचाच असेल, मग कशाला भ्यायचं? तरी आठ दिवस कसे निघतील कोण जाणे. बाळ फार लाथा मारतंय. यांना यातलं काही बोलले नाही.

भावजींना जयभीम. तुझी आठवण काढत बसलेली,
मालन


निजामाबाद,
२१ जानेवारी १९९९

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. साखर पाजून साखर मोजण्याची तुझी गंमत सहा वर्षांपूर्वी मीही केली होती, अगदी याच शब्दांत. माझा आकडा एकशेबहात्तर आला होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथल्या दवाखान्यात तीन तासांच्या तपासणीला बोलावलं होतं. आपल्या घरात कोणाला साखर नाही, आणि ग्लुकोज प्याल्यावर आकडा वाढणारच, असं मी मनाशी ठरवलं. तो कागद ट्रंकेत साड्यांखाली घातला आणि बाळंतपणाला माहेरी, बोथला, निघून आले. रेणुकाबाई सुईणीला तो आकडा कळलाच नाही. बाळ साडेचार किलोचं होतं. डोकं आलं, खांदा अडकला. पुढचं तू दाराबाहेरून ऐकलंसच.

सगळ्यांनी रेणुकाबाईंना बोल लावला. त्यांना नंतर गावात कोणी बोलवेना. मी अंथरुणावर पडून सगळं ऐकत होते आणि गप्प राहिले. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता कोणाची माफी मागू? तपासणी केली असती तर बाळ वाचलं असतंच असं डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण मी कागद लपवला, हे काही केल्या मनातून जात नाही.

सोमवारी आकडा कमी येवो की जास्त, पोळीचं आधी सांग. रागावल्या तर रागावू देत. उद्धवरावांनाही सांग आणि सोबत ने.

तुझ्यावर जीव असलेली,
कुसुमताई


तामसी,
५ फेब्रुवारी १९९९

ती. कुसुमताईस सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं, रागावू नकोस.

आकडा एकशेअठ्ठावन्न होता. पोळीचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. असा आकडा धरता येत नाही, म्हणाल्या. मग बुधवारी मोठी तपासणी झाली. रात्रभर उपाशी राहून पहाटेची बस धरली. आधी उपाशी पोटी रक्त, मग शंभर ग्रॅम ग्लुकोज, आणि दर तासाला एकदा असं तीनदा रक्त. या वेळी शेजारणीनं बोरं पुढे केली तर हे मध्ये बसले आणि सगळी बोरं स्वतःच खाऊन टाकली.

चारातले दोन आकडे जास्त निघाले, एका तासाचा आणि दोन तासांचा. म्हणजे साखर आहे, ताई. पोळीनं मला सबब दिली होती, तू ती काढून घेतलीस. आता ज्वारीची भाकर, भाजी, डाळ, थोडं थोडं चार-पाच वेळा, गूळ, साखर बंद, जेवणानंतर चालणं. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. नाही उतरली तर इन्सुलिन. बाळंतपण आदिलाबादेलाच, दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्यांचं विचारून लिहून घेतलं. बहिणीला मुलं किती, असं विचारलं. आजवर कोणी विचारलं की मी नाहीत म्हणून सांगायचे. या वेळी एक मुलगा म्हटलं. वजन विचारलं, साडेचार किलो सांगितलं. त्यांनी ते माझ्या कार्डावर लिहिलं.

लोकर परत पाठवते आहे. आधी त्याची टोपी विण, मग माझ्या बाळाची.

तुझी,
मालन